वैनीच्या ओळी मी सरळ केल्या

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं माप टाकलं की मी मापात वाकून बघते, आणि आमच्या कॉलनीतल्या बायका मला बघून एकदम गप्प झाल्या तर त्या माझ्याबद्दलच बोलत होत्या असं धरून चालते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. हा स्वभाव मला लहानपणापासूनचा. आई म्हणायची, "हिच्या डोळ्यातनं साप बी सुटायचा न्हाय." त्या काळात मला ते कौतुक वाटायचं. ज्या दिवसांबद्दल लिहायला बसले आहे त्या दिवसांनंतर ते कौतुक वाटेनासं झालं, आणि तरी स्वभाव काही गेला नाही.

आमचं घर कंग्राळीत. आता तिथं बंगले झालेत आणि बेळगावची रिक्षा दारापर्यंत येते, पण तेव्हा घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की सरळ रताळ्याच्या वेलांत पाय पडायचा. घरात आप्पा, आई, माझा थोरला भाऊ म्हणजे अण्णा, त्याची बायको सुमन, म्हणजे माझी वैनी, आणि त्यांची दीड वर्षाची मनी. मी तेव्हा बारावीला, शहरात कॉलेजला जाऊन यायची. अण्णा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होता. त्याच्या कपड्यांना ऑइलचा वास यायचा आणि तो कधीच धुऊन जायचा नाही. दुसऱ्या पाळीवरून आला की तो दाराची कडी दोनदा वाजवायचा, मग थांबून एकदा. आम्ही झोपेत असलो तरी कोण उठणार यावरून अंथरुणातच वाद व्हायचा, आणि शेवटी वैनीच उठायची.

वैनी निपाणीची. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, आई घरी विड्या वळायची. तिच्या ट्रंकेतलं लुगडं बाहेर काढलं की घरभर तंबाखूचा गोडसर वास पसरायचा आणि आईला शिंका यायच्या. ती बी. ए.चं एक वर्ष शिकलेली होती. आमच्या घरात तेवढं कुणीच शिकलेलं नव्हतं, आणि तेवढं शिकून ती भाकरी मात्र माझ्यापेक्षा पातळ थापायची, हे मला फार लागायचं. ती कमी बोलायची. कमी बोलणारा माणूस काहीतरी दडवतो, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

त्या थंडीत एका सकाळी अण्णा पहिल्या पाळीला निघाला आणि हिंडलग्याच्या रस्त्यावर ट्रकच्या खाली आला. आई, आप्पा आणि मी रताळी काढायला लांबच्या शेतात होतो. घरात फक्त वैनी आणि मनी. त्या सकाळी घरात काय झालं ते वैनीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारून एवढंच कानावर आलं की दोघांचा आवाज चढलेला ऐकू आला होता, आणि अण्णानं मोटरसायकल नेहमीपेक्षा जोरात काढली होती. एवढं वाक्य मला पुरलं. राईचा पर्वत करायला मला राईसुद्धा लागायची नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की रडण्याचीही एक रीत आहे. परगावहून आलेली बाई गल्लीच्या तोंडाशीच सूर काढते, घरातली बाई धावत जाऊन तिच्या गळ्यात पडते, आणि दोघी गेलेल्याशी बोलत बोलत रडतात. नुसतं रडणं नाही ते, त्यात शब्द असतात. आईचं रडणं मला अजून पाठ आहे. "माझ्या वाघा, तुझा डबा मी भरून..." म्हणायची आणि तिथंच तिचा श्वास अडकायचा. पुढचं ‘ठेवलाय रं’ यायला इतका वेळ लागायचा की ऐकणाऱ्या बाया पदर तोंडात कोंबायच्या. महिनाभर बाया येत होत्या, आई प्रत्येकीच्या गळ्यात पडत होती. वैनी मात्र एकदाही सूर काढून रडली नाही. बाई येऊन तिला मिठी मारायची, वैनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहायची, आणि मग आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकायची.

"डोळ्याला टिपूस न्हाय बघ," एक बाई जाता जाता म्हणाली. ते मी ऐकलं, आणि त्या दिवसापासून मी वैनीवर पाळत ठेवली. हे लिहिताना लाज वाटते, पण ठेवली. ती उठल्यावर मी तिची उशी ओली आहे का म्हणून हात लावून बघायची. ती किती भाकरी खाते ते मोजायची. दीड भाकरी खाल्ली तर मनात म्हणायची, बघा, भूक लागते हिला. अर्धी खाल्ली तर म्हणायची, मन खातंय हिला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं माझं झालं होतं.

पाळत ठेवणाऱ्याला काहीतरी सापडतंच. एका दुपारी वैनी मनीला घेऊन विहिरीवर गेली असताना मला पिठाच्या डब्यामागे एक वही सापडली. शंभरपानी, कोपरे दुमडलेली. पुढची हिशेबाची पानं फाडलेली आणि मधल्या एका पानावर निळ्या शाईत हे लिहिलेलं:

त्या सकाळी तू दारात उभा राहून
पाणी मागितलंस आणि मी
चुलीकडे बघत राहिले
म्हणाले घे की
हातानं

घागर तिथंच होती तांब्या
तिथंच होता तू
न पिताच
गेलास

आता कुणी कडी वाजवली की तू
नाहीस हे कळायला मला
अजून
एक श्वास लागतो

एवढंच. वर नाव नाही, खाली तारीख नाही, कुठं स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. सापडलं, असं वाटलं. भांडण झालं होतं, त्यानं पाणी मागितलं, हिनं दिलं नाही, तो तहानलेला घराबाहेर पडला. आईला हे कळलं तर ती मरेल, हाही विचार आला, पण तो नंतर आला.

आता मला सगळ्यात जास्त संशय कशाचा आला ते सांगते. शब्दांचा नाही, ओळींचा. कविता म्हणजे काय हे मला शाळेतल्या सरांनी शिकवलं होतं. "ओळ म्हंजे दम," ते म्हणायचे. "ओळ सपली की अर्थ सपला पाहिजे, आणि शेवटाला यमक जुळलं पाहिजे." पुस्तकातल्या कविता तशाच होत्या. हिच्या ओळी मात्र भलतीकडेच तुटत होत्या. ‘पाणी मागितलंस आणि मी’ इथं ओळ का संपावी? ‘मी’ काय? पुढं सांग की! ‘म्हणाले घे की’ – काय घे? ते खालच्या ओळीत एकट्यानं ‘हातानं’ म्हणून बसलेलं. मला वाटलं, हे खोटं बोलणाऱ्या माणसाचं अडखळणं आहे. माझा एक चुलतभाऊ आंबे चोरून आला की असाच बोलायचा, "मी नव्हतो, मी आपलं..." आणि थांबायचा, आणि त्या थांबण्यात नवीन थाप शोधायचा. वैनी प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून काहीतरी लपवते आहे, अशी माझी खात्री पटली. तर मग ते लपलेलं बाहेर काढायचं कसं? मला सोपं वाटलं. ओळी जोडायच्या. वाक्यं सरळ करायची. सरळ केलं की खरं दिसतं.

मी कॉलेजच्या वहीचं पान फाडलं आणि चुलीपुढं बसून लिहून काढलं:

त्या सकाळी तू दारात उभा राहून पाणी मागितलंस.
आणि मी चुलीकडे बघत राहिले.
म्हणाले, घे की हातानं.
घागर तिथंच होती.
तांब्या तिथंच होता.
तू न पिताच गेलास.
आता कुणी कडी वाजवली की तू नाहीस हे कळायला मला अजून एक श्वास लागतो.

एक शब्द मी बदलला नाही, एक शब्द गाळला नाही. याचा मला पुढं किती वर्षं अभिमान होता! कुणी विचारलं असतं तर मी देवाची शपथ घेतली असती की मी फक्त नीट उतरवून काढलं. आणि बघा, झालं काय. वैनीच्या वहीत ‘आणि मी’वर ओळ संपत होती, तेव्हा वाचणाऱ्याची नजर त्या ‘मी’शी अडायची, खाली उतरायच्या आधी क्षणभर तिथंच उभी राहायची. काय केलं असेल हिनं? उठली असेल, तांब्या दिला असेल, असं काहीही त्या क्षणात शक्य असायचं. मग खाली ‘चुलीकडे बघत राहिले’ यायचं आणि ती शक्यता विझायची. माझ्या पानावर ‘मी’ला थांबायला जागाच नव्हती. जोर सरकून ‘बघत राहिले’वर गेला होता, म्हणजे करणीवर गेला होता, पोलिसांत दिलेल्या जबाबासारखा. ‘हातानं’ हा शब्द तिच्याकडे एकटा, ओळीभर जागा अडवून बसलेला होता, कारण तोच शब्द तिला रोज टोचत होता. माझ्याकडे तो ‘घे की’च्या शेपटाला लागून उद्धटपणा झाला. पण हे सगळं आत्ता, तीस वर्षं कॅम्पातल्या शाळेत मराठी शिकवून झाल्यावर कळतंय. त्या दुपारी मला एवढंच कळत होतं की पान वाचून अंगावर काटा येतो आहे, आणि तो वैनीच्या निर्दयपणामुळे येतो आहे.

परवा माझ्या भाचवंडांच्या ग्रुपवर कुणीतरी एक कविता पाठवली. फोनच्या काचेची रुंदी संपली तिथं ओळ तुटत होती, पुढं दुसऱ्याच्या फोनवर दुसरीकडे तुटत होती. सगळ्यांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकली. मी मात्र कुठल्या फोनवर कवीनं श्वास घेतला होता ते शोधत बसले. सांगायचं कुणाला?

रविवारी तात्या आले. तात्या म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी खात खात ते म्हणाले, "वर्स झालं की सुमनला निपाणीला पोचवूया. तरणी पोर हाय, हितं ठिवून करायचं काय? पोरगी ऱ्हाऊदे हितं. आमचं रगत हाय ते." मनी आईच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा चोखत होती. आईनं तिला घट्ट धरलं. आप्पा म्हणाले, "पोराला आईपासनं तोडायचं म्हंजे..." मनात त्यांच्या नव्हतं, हे दिसत होतं. तेवढ्यात मी ते पान काढलं. मला वाटलं, मी न्याय करते आहे. अण्णाला कुणीतरी न्याय द्यायला नको का?

"ह्ये वैनीनं लिवलंय," मी म्हटलं, आणि खणखणीत आवाजात, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत, वाचून दाखवलं. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली यायची. ‘तू न पिताच गेलास’ला आईनं डोळे मिटून घेतले. शेवटचं वाक्य मी एका दमात म्हटलं, तेवढं लांब होतं ते, आणि दम पुरावा म्हणून थोडं घाईनं म्हटलं.

तात्यांनी हात धुतला. "ऐकलंस का रं?" ते आप्पांना म्हणाले. "एक श्वास लागतुया म्हणं तिला. नवरा गेला त्येचा हिशेब एका श्वासात! आणि पाणी मागिटलं तर घे म्हणाली हातानं. माझ्या पोराला तहानंलं धाडलंन." आप्पांनी मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यात वैनीचं निपाणीला जाणं ठरून गेलं, हे माझ्यासकट सगळ्यांना कळलं. मनीनं पापुद्रा टाकून दिला आणि दुसरा मागितला.

वैनी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. डोक्यावर धुण्याची बादली होती ती तिनं खाली ठेवली आणि माझ्यापुढं हात केला. मी पान दिलं. तिनं ते वाचलं, आणि म्हणाली, "ह्ये माझं न्हाय."

माझा पारा चढला. बघा, नाकबूल जाते आहे! "वहीतनंच उतरिवलंय मी," मी म्हटलं. "एक शब्द इकडचा तिकडं केला असंल तर सांग."

"शब्द माझंच हाईत, वन्सं," ती म्हणाली. "पर ह्ये माझं न्हाय."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपिवतीस?" तात्या म्हणाले. "शब्द तुझं तर लिवणं बी तुझंच."

ती आत गेली, वही घेऊन आली आणि पान उघडून माझ्या हातात दिली. तिचे हात धुण्यानं पांढरे पडले होते, ते मी पहिल्यांदा पाहिलं. "आता ह्ये वाचा," ती म्हणाली. "तुमीच वाचा. जितं ओळ सपली तितं थांबा. पुढची ओळ दिसत असली तरी लगीच जाऊ नका."

"त्यानं काय व्हनार हाय?" तात्या म्हणाले.

"वाच गं," आई म्हणाली. महिन्याभरात ती माझ्याशी पहिल्यांदाच आज्ञेच्या सुरात बोलली. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती डोळे मिटूनच बसली होती.

मी वाचायला लागले. अजून मी संशयातच होते, आवाजात तोच ठसका होता. ‘त्या सकाळी तू दारात उभा राहून.’ थांबले. हे थांबणं मला अवघड गेलं नाही. ‘पाणी मागितलंस आणि मी.’ थांबले. आणि इथं एक विचित्र गोष्ट झाली. ‘आणि मी’ म्हणून थांबल्यावर तो ‘मी’ माझ्याच तोंडात राहिला. त्या सकाळी मी कुठं होते? मी रताळी काढत होते आणि थंडीत लवकर उठवलं म्हणून अण्णावर चिडून, त्याच्याशी न बोलताच शेतात गेले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. खालची ओळ समोर दिसत होती, तरी जीभ उचलेना. ‘चुलीकडे बघत राहिले’ मी म्हटलं तेव्हा आवाजातला ठसका गेला होता. ‘म्हणाले घे की.’ थांबले. ‘हातानं.’ एका शब्दाची ओळ. तिच्यापाशीही थांबायचं होतं. वैनी माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटाला तिचा खांदा किंचित वर जात होता, जणू श्वास तीच घेत होती.

‘घागर तिथंच होती तांब्या.’ ही ओळ मला फार आगाऊ वाटली होती, तांब्याचा काय संबंध वरच्या ओळीशी म्हणून. आता कळलं की नजर अशीच फिरते. घागरीवरून तांब्यावर जाते आणि तिथं अडते, कारण त्यानं तो उचलला नाही. ‘तिथंच होता तू.’ ओळ ‘तू’वर संपली, आणि तेवढ्यापुरता अण्णा त्या ओळीत उभा राहिला, तांब्याशेजारी. ‘न पिताच.’ थांबले. ‘गेलास.’ पानावर हा शब्द एकटाच आहे. माझ्या पानावर तो चार शब्दांच्या वाक्याच्या शेवटी जाऊन बसला होता, कामावर गेला, बाजारात गेला यातल्यासारखा. इथं त्याच्या आधीही मोकळी जागा आणि नंतरही, म्हणून तो उच्चारायलाच जड गेला. आप्पांनी उपरणं तोंडाशी धरलं.

मग शेवटचं आलं. ‘आता कुणी कडी वाजवली की तू.’ मी थांबले. सांगितलं होतं म्हणून थांबले, आणि त्या थांबण्यात मी, आप्पा, आई, तात्यासुद्धा, सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. खोटं नाही सांगत. दार उघडंच होतं, बाहेर उन्हात कोंबडी फिरत होती. पण त्या एवढ्याशा वेळात तो आला होता. ‘की तू’ म्हटल्यावर वाक्य ‘आलास’ असंच जाणार असं मन धरून चालतं. ओळ तिथं तुटते म्हणून मनाला तसं धरायला वेळ मिळतो. खाली ‘नाहीस’ आहे हे मला ठाऊक होतं, मी ते तीनदा वाचलं होतं, स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. तरी माझं मन आधी दाराकडे गेलं. मी जे वाक्य एका दमात म्हणून टाकलं होतं, त्यात तो दाराशी येऊच शकला नव्हता. ‘तू नाहीस’ असं एकदम म्हटलं की ती बातमी होते. मी तिचा तो श्वासच काढून घेतला होता आणि तिला विचारत होते, तुला एकच श्वास का लागतो म्हणून.

"‘नाहीस हे कळायला मला,’" मी कसंबसं म्हटलं. "‘अजून.’" आणि त्या ‘अजून’वर मला पुढं जाताच येईना. माझ्या पानावर तो शब्द ‘एक श्वास’ला चिकटून दिसेनासा झाला होता. इथं तो एकटा होता. महिना झाला, इतक्या बाया येऊन गेल्या, तेरावं झालं, आणि अजून. शेवटची ओळ वैनीनंच म्हटली, माझ्या ऐवजी, हळू: "एक श्वास लागतो."

आईनं डोळे उघडले. "ही रडाय लागलीया," ती म्हणाली. "आपून गळ्यात पडून रडतो तसंच हाय ह्ये. आपला बी आवाज असाच मधी तुटतुया. तिचा कागदावर तुटलाय." मग तिनं वैनीला विचारलं, "भांडान कशापाय झालं गं?"

"मनीला सर्दी झालती. मी म्हटलं, आज सुट्टी काढा, डाक्टरकडं जाऊया. त्ये म्हटलं, आज न्हाय जमायचं. मी बोलली लई. मग त्येनी पाणी मागिटलं..." वैनी तिथंच थांबली. कुणी तिला पुढचं विचारलं नाही.

"घे की हातानं," आई म्हणाली. "मी त्येला जल्मभर ह्येच म्हटलं. लहान असल्यापासनं. दहांदा म्हटलं असंल दिसाला. घे की हातानं, तुला काय हात न्हाईत व्हय रं?" आणि मग आई आणि वैनी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि वैनीनं त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या रीतीनं सूर काढला. तो बेसूर होता, तिला सवय नव्हती. तात्या उठून बाहेर गेले आणि परत आत आलेच नाहीत, पायताण घालून तसेच गावाला निघून गेले. आप्पा त्यांच्या मागं दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "सुमन हितंच ऱ्हाईल, आन मनी बी." आप्पांनी थोरल्या भावाला उलटून बोललेलं मी आयुष्यात ते एकच ऐकलं.

मला वाटलं होतं, मी माफी मागितली की वैनी मला जवळ घेईल. तसं काही झालं नाही. मी दोन दिवसांनी, भांडी घासताना, चुकलं माझं म्हणाले. ती म्हणाली, "तुमी टिंबं दिली तितं. मला अजून देता येत न्हाईत." आणि भांडं विसळत राहिली. त्यानंतर ती वही मला घरात कधी दिसली नाही. मी डब्यामागे बघितली नाही असं म्हणणार नाही. बघितली, तिथं नव्हती. मी खोलीत आले की तिचं पेन थांबायचं, पदर कागदावर पडायचा. संशय माझ्याकडून तिच्याकडे गेला, आणि तिचा अगदी रास्त होता. ती आमच्या घरी राहिली. मनीला तिनं शिकवलं, आई-आप्पांचं शेवटपर्यंत केलं. माझ्या लग्नात पुरण तिनंच वाटलं. आमचं कधी भांडण झालं नाही, आणि कधी तिनं मला काही वाचायलाही दिलं नाही.

गेल्या महिन्यात मी कंग्राळीला गेले होते. आता वैनी सत्तरीकडे झुकली आहे, मला मात्र अजून वन्संच म्हणते. आम्ही मागच्या दारात बसून चिरमुरे खात होतो. तिच्या मधल्या बोटाला निळी शाई लागलेली होती. माझी नजर गेलीच.

"वैनी, अजून लिवतीस काय गं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि थांबली. चांगली श्वासभर थांबली.

"न्हाय," ती म्हणाली.

मी मान डोलावली आणि चिरमुऱ्यांची वाटी तिच्याकडे सरकवली.